चव्वेचाळीस घरांच्या दोन ओळी

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर अगदी तळाशी दोन दाट ओळी छापलेल्या असतात. प्रत्येक ओळीत बरोबर ४४ घरे असतात आणि त्यांतले एकही घर मोकळे नसते. घरात बसू शकणारी चिन्हे अवघी ३७ आहेत: रोमन लिपीतली २६ मोठी अक्षरे, शून्य ते नऊ हे दहा अंक आणि `<` हे टोकदार चिन्ह. ज्या घरात लिहिण्यासारखे काही नसते तिथे हे टोकदार चिन्ह येते. कार्यालयांत त्याला ‘फिलर’ म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरला आहे. टिंब, जोडरेघ, स्वल्पविराम, दोन शब्दांमधली मोकळी जागा यांपैकी काहीही या ओळींत येत नाही.

ही रचना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ‘डॉक ९३०३’ या दस्तऐवजाने ठरवून दिली आहे. त्याची पहिली आवृत्ती १९८० साली निघाली. ओळी यंत्राला वाचता याव्यात म्हणून त्या ओसीआर-बी नावाच्या ठशात छापतात. या ठशात `I` आणि `W` यांनाही सारखीच रुंदी मिळते आणि एका इंचात दहा अक्षरे बसतात. त्यामुळे ४४ घरांची ओळ सुमारे ११२ मिलिमीटर लांब होते आणि दोन्ही ओळी एकाच उभ्या रेषेवर संपतात. उतरवून घेणाऱ्याने ही गोष्ट आधी लक्षात ठेवावी, कारण संगणकावरही समान रुंदीचा ठसा निवडला, उदाहरणार्थ कुरिअर न्यू, तर दोन्ही ओळींची टोके जुळली पाहिजेत. ती जुळली नाहीत तर पुढची कोणतीही तपासणी करण्याआधीच चूक कळते.

भारतीय पासपोर्टच्या पुस्तिका नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात. जुन्या हस्तलिखित पासपोर्टांवर या ओळी नव्हत्या. यंत्राला वाचता न येणारे पासपोर्ट २४ नोव्हेंबर २०१५ नंतर जगभर चालेनासे झाले. आज भारतीय पासपोर्ट कोणाचाही असो, या दोन ओळी त्यावर असतातच.

विमानतळावर या ओळी यंत्र वाचते. पण पासपोर्ट तिथे पोहोचण्याच्या बराच आधी त्या कोणीतरी हाताने उतरवलेल्या असतात, आणि नवी मुंबईत हे काम रोजचे आहे. बेलापूर, नेरूळ, वाशी या भागांत जहाजांवर माणसे पाठवणारी अनेक कार्यालये आहेत. नेरूळजवळ करावे इथे टी. एस. चाणक्य ही जहाज अधिकारी घडवणारी संस्था आहे आणि खाडीपलीकडे न्हावा शेवा बंदर. खलाशी कुठल्याशा बंदरात जहाजावर चढायचा असतो, त्याचे तिकीट काढायचे असते, व्हिसाचा अर्ज आणि क्रू लिस्ट भरायची असते. मूळ पासपोर्ट त्या वेळी खलाशाच्या गावी असतो आणि कार्यालयाकडे त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो येतो. तो थोडा तिरका असतो, प्लॅस्टिकच्या थरावर दिव्याची तिरीप पडलेली असते. त्यावरून ओळी उतरवायच्या असतात. वाशीतल्या तिकीट कार्यालयांतही हीच परिस्थिती असते. हा लेख याच कामापुरता आहे.

पुढचा नमुना समजावण्यासाठी रचलेला आहे. त्यातली व्यक्ती आणि क्रमांक दोन्ही कल्पित आहेत.

```
P<INDSHINDE<<ASHWINI<MAHADEV<<<<<<<<<<<<<<<<
Z1234567<1IND8703145F3105216<<<<<<<<<<<<<<<0
```

पहिली ओळ नावाची. पहिल्या घरातला `P` म्हणजे पासपोर्ट. दुसऱ्या घरात बहुधा फिलर असतो. तिसऱ्या ते पाचव्या घरात पासपोर्ट देणाऱ्या देशाची खूण, म्हणजे `IND`. उरलेली ३९ घरे नावाची. त्यांत आधी आडनाव, मग दोन फिलर, मग स्वतःचे नाव, एक फिलर, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि शेवटपर्यंत फिलर. आडनावानंतरचे दोन फिलर ही या ओळीतली सर्वात महत्त्वाची खूण आहे. एक फिलर म्हणजे एकाच गटातल्या दोन शब्दांमधली फट. दोन फिलर म्हणजे आडनाव संपले आणि पुढे दिलेले नाव सुरू झाले. जोडरेघेच्या जागीही एकच फिलर येतो. म्हणून देशपांडे-जोशी असे जोडआडनाव `DESHPANDE<JOSHI<<` असे दिसते आणि आडनाव कुठे संपले हे दोन फिलरांवरूनच कळते.

आता घाईत एक फिलर गळाला आणि ओळ अशी झाली असे समजू:

```
P<INDSHINDE<ASHWINI<MAHADEV<<<<<<<<<<<<<<<<<
```

मोजले तर ४४ घरे भरतात, कारण शेवटी एक फिलर जास्त पडला आहे. शब्द सगळे बरोबर आहेत, स्पेलिंगही बरोबर. पण वाचणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने या बाईंचे आडनाव ‘शिंदे अश्विनी महादेव’ झाले आणि त्यांना स्वतःचे नाव उरले नाही. तिकिटावर एक नाव आणि पासपोर्टावर दुसरे असा घोळ इथून सुरू होतो. ही चूक पकडणारा कोणताही आकडा पहिल्या ओळीत नाही. दुसऱ्या ओळीत तपासणी अंक असतात, पहिलीत एकही नाही. नावाच्या ओळीला राखण फक्त डोळ्यांची आणि मोजणीची आहे.

शेवटच्या फिलरांची लांब रांग फोटोवर बोट ठेवून मोजू नये. सोळा सारखी टोके एकापुढे एक असली की नजर पंधरा किंवा सतरावर घसरते. त्याऐवजी शेवटच्या अक्षरापर्यंतची घरे मोजावी आणि ४४ मधून वजा करावी. नमुन्यात `P<IND` ची ५, `SHINDE` ची ६, दोन फिलर, `ASHWINI` ची ७, एक फिलर, `MAHADEV` ची ७, अशी २८ घरे होतात. ४४ मधून २८ गेले, १६ उरले. एवढे फिलर टाकायचे आणि मग फोटोतल्या ओळीचे टोक दुसऱ्या ओळीच्या टोकाशी जुळते का ते पाहायचे. अक्षरे मोजणे सोपे जाते, कारण ती वेगवेगळी दिसतात.

कधी वजाबाकीत काहीच उरत नाही. मराठी नावात आडनाव, स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव अशी तीन पदे असतात, आणि तिन्ही लांब असली की ३९ घरे अपुरी पडतात. धर्माधिकारी चंद्रशेखर लक्ष्मीनारायण हे नाव घेऊ. `DHARMADHIKARI` ची १३, दोन फिलर, `CHANDRASHEKHAR` ची १४, एक फिलर, `LAXMINARAYAN` ची १२: एकूण ४२, म्हणजे तीन घरे जास्त. अशा वेळी नाव छाटावे लागते. छाटण्याच्या एकाहून अधिक रीती नियमात आहेत. शेवटून छाटले तर ओळ अशी होईल:

```
P<INDDHARMADHIKARI<<CHANDRASHEKHAR<LAXMINARA
```

चव्वेचाळिसाव्या घरात फिलर नसून अक्षर आहे, हीच नाव छाटले गेले असण्याची खूण. उतरवणाऱ्याला इथे मोह होतो. वर छापलेल्या पानावर `LAXMINARAYAN` पूर्ण दिसत असते, मग खालचे ‘अपुरे’ नाव पुरे करावेसे वाटते. ते करू नये. या ओळी उतरवायच्या असतात, सुधारायच्या नसतात. वरच्या भागात आणि या ओळींत फरक दिसला तर ओळी छापल्या आहेत तशाच घ्याव्या आणि फरकाची नोंद वेगळी करावी.

दुसरी ओळ आकड्यांची आहे आणि तिचे तुकडे ठरलेले आहेत. पहिली नऊ घरे पासपोर्ट क्रमांकाची, दहाव्यात त्याचा तपासणी अंक. अकरा ते तेरा राष्ट्रीयत्व. चौदा ते एकोणीस जन्मतारीख, विसाव्यात तिचा तपासणी अंक. एकविसाव्यात लिंग. बावीस ते सत्तावीस मुदत संपण्याची तारीख, अठ्ठाविसाव्यात तिचा तपासणी अंक. त्यापुढची चौदा घरे देशाला हवी तर वापरण्यासाठी, त्रेचाळिसाव्यात त्या चौदांचा तपासणी अंक आणि चव्वेचाळिसाव्यात राष्ट्रीयत्व आणि लिंग सोडून बाकी ओळीचा मिळून एक. नमुन्यातली चौदा घरे रिकामी आहेत. तशी ती असली की त्रेचाळिसाव्या घरात शून्य किंवा फिलर यांपैकी काहीही चालते, त्यामुळे फोटोत जे असेल तेच घ्यावे. तारखा वरच्या पानावर दिवस-महिना-वर्ष अशा असतात. इथे त्या उलट्या, वर्षाचे शेवटचे दोन अंक आधी. १४ मार्च १९८७ चे `870314` होते.

भारतीय पासपोर्टाच्या बाबतीत ही ओळ एका ठिकाणी हमखास फसवते. भारतीय क्रमांक आठ चिन्हांचा असतो: एक अक्षर, सात अंक. जागा मात्र नऊ घरांची. म्हणून क्रमांकानंतर एक फिलर येतो आणि त्यानंतर तपासणी अंक. फिलिपिन्सच्या खलाशांच्या पासपोर्टात क्रमांकच नऊ चिन्हांचा असतो, तिथे हा फिलर नसतो. एकाच क्रू लिस्टमध्ये दोन्ही देशांची माणसे असली की हाताला एका रचनेची सवय होते आणि दुसरी बिघडते. फिलर गळाला तर `Z12345671IND` असे होते, पुढची प्रत्येक गोष्ट एक घर डावीकडे सरकते, आणि ओळ ४३ ची भरते. मग कोणी तरी शेवटी एक फिलर वाढवून ४४ पुरे करतो. आता लांबी बरोबर आणि ओळ पूर्ण चूक. यावर उपाय म्हणजे लांबीबरोबर जागाही पाहणे. दहाव्या घरात अंकच हवा, अकरा ते तेरामध्ये `IND` च हवे. तक्त्यात ओळ `A2` या घरात असेल तर दोन सूत्रे पुरतात:

```
=LEN(A2)
=MID(A2,11,3)
```

पहिल्याचे उत्तर `44` आणि भारतीय पासपोर्टासाठी दुसऱ्याचे `IND` आले पाहिजे.

तपासणी अंकाचे गणित हातानेही करता येते आणि एकदा तरी करून पाहावे, कारण ते काय पकडते आणि काय सोडते हे त्याशिवाय कळत नाही. अंकाची किंमत तो अंकच. `A` ची १०, `B` ची ११, असे करत `Z` ची ३५. फिलरची किंमत शून्य. प्रत्येक चिन्हाची किंमत क्रमाने ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ यांनी गुणायची, बेरीज करायची आणि दहाने भागून उरते ती बाकी घ्यायची. नमुन्यातल्या क्रमांकाचे गणित असे:

```
35×7 + 1×3 + 2×1 + 3×7 + 4×3 + 5×1 + 6×7 + 7×3 + 0×1 = 351
```

३५१ ला दहाने भागले की बाकी १, आणि दहाव्या घरात `1` आहे. जन्मतारखेची बेरीज १०५ येते, म्हणून `5`. मुदतीच्या तारखेची ६६, म्हणून `6`. शेवटच्या अंकासाठी एक ते दहा, चौदा ते वीस आणि बावीस ते त्रेचाळीस ही घरे सलग धरून तेच गणित करायचे. बेरीज ४८०, बाकी शून्य. म्हणून ओळ `0` ने संपते. हे शून्य आहे, `O` हे अक्षर नव्हे. तपासणी अंकाच्या घरात अक्षर कधीच येत नाही.

हातून होणाऱ्या बहुतेक चुका हे गणित पकडते. क्रमांकातले 1 आणि 2 उलटे पडून `Z2134567` झाले तर बेरीज ३५३ होते, बाकी ३ येते आणि लगेच कळते. शून्याच्या जागी `O`, पाचाच्या जागी `S`, आठाच्या जागी `B` पडले तरी बाकी बदलते. पण गणिताला काही आंधळ्या जागा आहेत. शेजारच्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल, जसे 2 आणि 7 किंवा 1 आणि 6, तर त्यांची अदलाबदल झाली तरी बाकी तीच राहते. याचे कारण सोपे आहे: ७, ३, १ यांतल्या कोणत्याही दोहोंतला फरक सम आहे आणि पाचाला सम संख्येने गुणले की दहाची पटच येते. तसेच ज्या दोन चिन्हांच्या किमतींत दहाची पट इतका फरक आहे ती गणिताला एकसारखी दिसतात. `G` ची किंमत १६, म्हणून तो आणि `6` सारखेच; `L` ची २१, म्हणून तो आणि `1` सारखेच. तिरक्या फोटोत नेमक्या याच जोड्या एकमेकींसारख्या दिसतात. भारतीय क्रमांकात अक्षर फक्त पहिल्या जागी येते हे ठाऊक असले की इथे निभावते. जिथे क्रमांकात अक्षरे आणि अंक कसेही मिसळलेले असतात तिथे मूळ फोटो मोठा करून पाहण्याला पर्याय नाही.

फिलरबाबत तर गणित पूर्णच आंधळे आहे. त्याची किंमत शून्य असल्याने शेवटच्या रांगेतले दोन फिलर गळाले किंवा तीन वाढले तरी हाताने केलेल्या बेरजेत काडीचाही फरक पडत नाही. उतरवून घेताना या दोन तपासण्या एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत, हे पक्के समजून घ्यायला हवे. गणित अंकांची खातरी देते आणि मोजणी फिलरांची. एक जुळली म्हणून दुसरी सोडून देणारा ज्या चुका करतो त्या पुढे कोणालाच दिसत नाहीत. `IND`, लिंगाचे अक्षर आणि सबंध पहिली ओळ गणिताच्या बाहेर आहेत. `F` च्या जागी `M` पडले तरी चारही तपासणी अंक जुळतात.

फोटोवरून अक्षरे ओळखणारी साधने वापरली तरी हे काम संपत नाही. त्यांची नेहमीची खोड म्हणजे फिलरला `K` वाचणे. `K` ची किंमत २०, म्हणजे गणिताला तोही शून्यासारखाच. रिकाम्या चौदा घरांत मधेच एखादा `K` शिरला तर ओळीची लांबी बरोबर राहते, तपासणी अंक जुळतात, आणि चूक डोळ्यांनीच शोधावी लागते. नावाच्या ओळीत `MAHADEV` नंतर `K` चिकटला तर ते एखादे वेगळेच नाव वाटते. लांब रांगेतले दोन-तीन फिलर एकत्र वाचून रांग आखूड करणे ही दुसरी खोड, पण ती मोजणीत सापडते.

ओळ बरोबर उतरली तरी ती पाठवताना बिघडू शकते. वेबपानांच्या भाषेत `<` नंतर अक्षर आले की तिथून खूणचिठ्ठी सुरू झाली असे समजले जाते. त्यामुळे काही फॉर्मांत आणि ईमेलमध्ये `P` एवढेच उरते आणि `<IND` पासूनचे सगळे नाहीसे होते. तक्त्यात ओळीचे तुकडे वेगवेगळ्या घरांत ठेवले तर २००५ साली जन्मलेल्या मुलाचे `050314` हे संख्या समजून `50314` केले जाते. ती घरे आधीच मजकूर म्हणून ठरवावी. सर्वात लबाड बिघाड मात्र मोकळ्या जागेचा. एक फिलर गळाला आणि चिकटवताना ओळीच्या शेवटी एक अदृश्य मोकळी जागा आली तर `LEN` चे उत्तर ४४ च येते. म्हणून मोजण्याआधी मोकळ्या जागा काढून टाकाव्या:

```
=LEN(SUBSTITUTE(A2," ",""))
```

दोन माणसे असतील तर एकाने फोटोवरून वाचावे आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहावे. वाचताना ओळीचे ठरलेले तुकडेच पाडावे: दहा, तीन, सात, एक, सात, चौदा, एक, एक. पहिल्या दहांत फिलरही तोंडाने उच्चारावा, कारण न उच्चारलेला फिलरच गळतो. चौदांच्या तुकड्यात फक्त फिलर असतील तर ‘चौदा फिलर’ एवढे म्हणून पुढे जावे. एकट्याने काम करायचे असेल तर ओळ एकदा पुढून आणि एकदा शेवटाकडून ताडून पाहावी.

बाकी जुळली नाही तर करू नये अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तपासणी अंक बदलून गणित जुळवणे. तपासणी अंक छापलेला असतो. चूक बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या घरांत असते. आधी तारखा वरच्या पानाशी ताडाव्या, मग क्रमांक, आणि तरीही उलगडा झाला नाही तर नवा फोटो मागवावा: पासपोर्ट सपाट टेबलावर, फोन समोरून सरळ, फ्लॅश बंद, आणि दोन्ही ओळी दोन्ही टोकांपर्यंत आत.

भारताने १ एप्रिल २०२४ पासून प्रायोगिक रीतीने ई-पासपोर्ट द्यायला सुरुवात केली. त्याच्या आत चिप असते आणि ती कोणालाही खुली नसते. ती उघडण्याची एक प्रचलित रीत दुसऱ्या ओळीवरच अवलंबून आहे: क्रमांकाची नऊ घरे व तपासणी अंक, जन्मतारीख व तिचा अंक, मुदत व तिचा अंक, अशी २४ चिन्हे सलग घेऊन त्यांपासून किल्ली तयार होते. नमुन्यासाठी ती चिन्हे अशी:

```
Z1234567<187031453105216
```

क्रमांकानंतरचा फिलर इथेही आहे. तो गाळला, किंवा 2 आणि 7 ची ती अदृश्य अदलाबदल झाली, तर निघणारी किल्ली पूर्ण वेगळी असते आणि चिप उघडत नाही. चिप वाचणारे मोबाइल ॲप त्या वेळी फक्त नकार देते, कोणते घर चुकले ते सांगत नाही. शिवाय ही २४ चिन्हे ज्याच्या हाती आहेत त्याला, पासपोर्टजवळ फोन नेता आला की, चिपमधला फोटो आणि माहिती वाचता येते. म्हणून उतरवलेल्या ओळी कार्यालयाच्या सामाईक व्हॉट्सॲप गटात टाकू नयेत. ज्याला त्या हव्या आहेत त्या एकालाच पाठवाव्या आणि काम झाल्यावर फोटोसकट पुसून टाकाव्या.